दोन घमेली गोटे

आमच्या कॉलेजच्या पोर्चमध्ये पामच्या सहा कुंड्या आहेत. मातीवर नदीतले गोल गोटे पसरलेत, दर वर्षी त्यांना पांढरा रंग मारतात. सहा वर्षं मी त्या कुंड्यांकडे न बघता आत जातो. त्या गोट्यांनी माझ्या एका विद्यार्थिनीचं वर्ष खाल्लं, असं मी स्वतःशी म्हणत असे. गोटे काही खात नाहीत. मी खाल्लं.

मी परळला मेकॅनिकल शिकवतो. आमच्या गच्चीवर उन्हाने हवा तापवणारं एक पॅनेल आहे आणि त्याला जोडलेली पत्र्याची सहा फुटी आडवी पेटी. पेटीत इंच-इंच आकाराचे गोटे ठासून भरलेले. दिवसा पॅनेलची गरम हवा ब्लोअरने पेटीतून सोडायची, गोटे ती उष्णता धरून ठेवतात. ऊन उतरलं की गार हवा उलटी फिरवून ती परत घ्यायची. गोटे आमच्या लॅबमधल्या शिपाईमामांनी गावच्या नदीतून आणून, धुऊन, चाळून भरले होते.

त्या मुलीचा एम.टेक.चा विषय सोपा होता. पेटी तापत असताना दुसऱ्या टोकाने बाहेर येणारी हवा कशी तापत जाते ते थर्मोकपलने मोजायचं, आणि त्यावरून हवेकडून गोट्यांकडे उष्णता किती झपाट्याने जाते तो गुणांक काढायचा. आत जाणारी हवा साठ अंशांवर धरलेली. ऊन कमी पडलं तर छोटा हीटर भर घालायचा. सुरुवातीला अलीकडचेच गोटे सगळी उष्णता गिळतात. पलीकडे जवळजवळ दोन तास तीसच अंश. मग उष्णतेची लाट शेवटच्या गोट्यांपर्यंत पोचते आणि आकडा चढायला लागतो. गुणांक मोठा असेल तर चढ उभा. लहान असेल तर लाट पसरते, चढ आधी सुरू होतो आणि रेंगाळत साठापर्यंत जातो.

तिच्या आलेखात दहाव्या मिनिटालाच पस्तीस.

"थर्मोकपल तपास," मी म्हटलं.

"तीन वेळा बदलले, सर."

"मग गुणांक किती येतोय?"

"पुस्तकातल्या सूत्राच्या पावपट. पण सर, हा गुणांकाचा प्रश्न वाटत नाही." तिने वही माझ्यापुढे सरकवली. "गुणांक कमी असता तर हळूहळू चढलं असतं. हे एकदम पाच अंश उडी मारतं आणि तिथेच बसून राहतं. आणि दाब मोजायच्या नळीतलं पाणी बघा. गोट्यांतून हवा ढकलायला आठ मिलीमीटर लागायला हवेत, तीनच लागतात. हवा कुठून तरी पळतेय. झाकण उघडू या का?"

इथे मी हो म्हणायला हवं होतं. कारण हवा कुठून पळतेय ते मला त्या क्षणी कळलं होतं.

आदल्या वर्षी कॉलेजला तपासणीची समिती येणार होती. प्राचार्य म्हणाले, "कुंड्या उघड्याबोडक्या दिसतात. तुमच्याकडे वर गोटे पडलेत ना?" मला तेव्हा विभागप्रमुख व्हायचं होतं. मी स्वतः झाकण काढून वरचा थर उपसला, दोन घमेली भरली. नंतर परत भरू म्हणून झाकण सिलिकॉनने बंद केलं, आणि भरलं नाही. बोटभर फट राहिली. गरम हवेला गोट्यांतून वाट काढण्याऐवजी वरून सरळ रस्ता मिळाला. अर्ध्याहून थोडी कमी हवा तिथूनच जात होती, गोट्यांना वरवर चाटून, अर्धवट गरम.

"झाकण उघडलं की इन्सुलेशनची वाट लागेल," मी म्हटलं. "पहिल्या अर्ध्या तासाची रीडिंग्ज गाळ. थोडं स्मूद कर. सगळेच करतात."

"नाही करणार, सर."

एवढंच बोलली. मान खाली नाही, आवाज वर नाही. मला त्याचा इतका राग आला! आज त्या रागाचाच राग येतो. समोरचा खरं बोलत असेल तर भित्र्या माणसाला दुसरं काय येणार?

सेमिनारला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ही उडी कसली? ती म्हणाली, पेटीत फट असावी, उघडून बघायची परवानगी मागितली होती. सगळे माझ्याकडे वळले. मी हसून म्हटलं, "पेटी ठीक आहे. गच्चीवर ऊन फार असतं, काही मुलं रीडिंग्ज सावलीत बसून घेतात." लोक हसले. मग मी लॉगबुकात तिच्या पानांवर लाल शाईने लिहिलं : नोंदी अविश्वसनीय, प्रयोग पुन्हा करावा.

तिला एका संशोधन संस्थेत जागा मिळाली होती. अट एकच, जूनमध्ये पदवी. ती जागा गेली. वर्षभराने तिने वेगळा, कागदावरचा प्रोजेक्ट घेऊन पदवी उरकली. गच्चीवर परत आली नाही.

आणि मी? सेमिनारच्या दुसऱ्याच दिवशी मामांना घेऊन झाकण उघडलं. मामा फटीत बोट घालून म्हणाले, "सर, गोटे काय उडान गेले?" मग त्यांनी रिकामं घमेलं उचललं. "कुंडीतले हाडूक जाऊ?"

"नको. नवीन मागवा."

मामांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी चहा आणला नाही.

पेटी गच्च भरली आणि प्रयोग केला. दोन तास तीस अंश, मग सुंदर उभा चढ. नळीत आठ मिलीमीटर. गुणांक सूत्राशी जुळला. मी त्यावर पेपर लिहिला. विभागप्रमुखही झालो.

गेल्या महिन्यात मी भोईवाड्यात तिच्या घरी गेलो. ती आता एअरकंडिशनिंगच्या डक्टची डिझाइन्स करते. तिच्या आईने पाणी दिलं, "तुमचे सर आलेत गं," म्हणत आनंदाने. मी सगळं सांगितलं. कुंड्यांसकट.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तुमचा पेपर वाचला मी. ग्राफ छान आलाय." मग म्हणाली, "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं असेल. सहा वर्षं. डक्टचं लीकेज काढताना अजून तीनतीनदा मोजते, ऑफिसात हसतात मला."

"मी काय करू, सांग."

"इथे येऊन रडू नका. आई घाबरेल. त्याच वहीत लिहा, तुमच्या लाल शेऱ्याखाली. आणि पेपर छापणाऱ्या जर्नललाही कळवा, प्रयोग कुणाचा होता ते."

जर्नलला कळवलं. आता माझ्या जागी विभागप्रमुख असलेले गृहस्थ म्हणाले, "अहो, मुलगी सेटल झाली. कशाला उकरताय?" मीही सहा वर्षं हेच म्हणत होतो, म्हणून त्यांना थोबाडावं असं वाटलं. लॉगबुक काढलं, लिहिलं : वरील नोंदी अचूक आहेत. पेटीतले गोटे मी काढले होते. फटीमुळे हवा वरून जात होती. सही. फोटो काढून तिला पाठवला.

संध्याकाळी उत्तर आलं. "मी तेव्हाच सांगितलं होतं, हे लिहायचं राहिलं."

खरंच राहिलं होतं. कबुली देतानाही शोध माझ्याच नावावर ठेवला होता मी. वही कपाटात गेली होती, किल्ली मामांकडे. मी मागितली.

"आता काय आणखी?" मामा म्हणाले.

"एक ओळ राहिली."

त्यांनी किल्ली दिली, आणि मी लिहून संपेपर्यंत तिथेच उभे राहिले, काय लिहितो ते बघत.