मीठ टाकल्यावर वाजलेला रिले

आमच्या कारखान्यात तिला सगळे मोजणीताई म्हणतात. औषधांचे फ्रिज आणि त्यांचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर आम्ही बनवतो. प्रोग्रॅम तिचा, भाग जोडायचं सोल्डरिंग माझं. त्याआधी पंधरा-वीस वर्षं तिने पाकिटं मोजणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिले, तेही थेट असेंब्लीत, म्हणजे जवळजवळ यंत्राच्याच भाषेत. पाकिटांचा आकडा शून्याच्या खाली कधी जात नाही. पण हे सुचायला माझी नोकरी टांगणीला लागावी लागली!

झालं असं, की लहान मुलांच्या डॉक्टरांकडे आमच्या फ्रिजचं नवं, छोटं मॉडेल गेलं आणि आतल्या लसी गोठल्या. सगळ्या फेकाव्या लागल्या. डॉक्टर फोनवर ओरडत होते, "आकड्यांच्या पट्टीवर उणे तीन दिसतंय आणि तुमचा कॉम्प्रेसर चालूच!" मालकांनी फोन ठेवला आणि सरळ माझ्या टेबलाशी आले. "कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिले चिकटलाय. सोल्डर तुमचं. असंच चालणार असेल तर सोमवारपासून येऊ नका."

माझं डोकंच फिरलं. तो फ्रिज परत आल्यावर त्यातला रिले मी काढला, दहादा चालू-बंद केला. टक्, टक्, ठणठणीत! ताईला म्हटलं, "प्रोग्रॅम बघा ना एकदा." तिने मानसुद्धा वर केली नाही.

"माझा कोड बरोबर आहे. दोनच्या खाली गेलं की बंद, सहा झालं की चालू. बर्फात तपासलाय."

बर्फात तपासलाय! ही तिची जुनी पद्धत. वाडग्यात पाणी-बर्फ, त्यात सेन्सर. पट्टीवर शून्य येतं, रिले बंद होतो, झाली परीक्षा पास. समजावून सांगावं तर पालथ्या घड्यावर पाणी.

"अहो, पण तो फ्रिज उणे तीनला होता! तुमचं वाडगं शून्याच्या खाली जातं का कधी?"

"उगाच डोकं खाऊ नकोस."

मग मात्र मी उठले. घरी आइस्क्रीमच्या भांड्याला करतो तेच केलं: चहाच्या कपाटातून मिठाचा डबा आणला आणि सेन्सर सोडलेल्या तिच्या बर्फाच्या वाडग्यात मूठभर मीठ ओतून खसाखसा ढवळलं. ताई "अगं, अगं!" करत राहिली. पट्टीवर शून्य होतं. मग उणे एक आलं.

टक्. रिले चालू झाला. आणखी थंड होत गेलं तरी तो बंद होईना.

 ताईने खुर्ची ओढली, प्रोग्रॅम उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "बीआरएलओ," ती म्हणाली. "मेले मी."

"मराठीत सांगा."

"एका बाइटमध्ये उणे एक आणि दोनशे पंचावन्न अगदी सारखेच दिसतात. तुलना दोघांची एकच. उत्तर कसं वाचायचं ते पुढची उडी ठरवते, म्हणजे 'आता इकडे जा' सांगणारी आज्ञा. बीआरएलओ ही उडी उणे-अधिकाचं चिन्ह बघत नाही. तिच्या लेखी दोनशे पंचावन्न काही दोनपेक्षा लहान नाही, म्हणून बंद होतच नाही. शिवाय चालू करायची उडीही तसलीच, तिला तर ते सहाच्या वरचंच दिसतं. पाकिटं मोजताना हेच लिहायचे, हाताला वळण पडलंय. इथे बीआरएलटी हवं होतं, चिन्ह बघणारं. आणि चालूसाठी बीआरजीई."

"मग मोठ्या मॉडेलला हे का नाही झालं?"

"ते बंद झाल्यावर फार खाली घसरत नाही. हे छोटं बंद झाल्यावरही गारठत शून्याखाली जातं. तिथे एकदा पोचलं, की संपलं."

दोन शब्द बदलले तिने. दोन! त्यासाठी मी चार दिवस जेवले नव्हते नीट.

आम्ही मालकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टरांना मी सोल्डर खराब होतं असंच कळवलंय. ते लोकांना समजतं. आता प्रोग्रॅम चुकला म्हटलं तर सगळीच मशीनं परत येतील."

"येऊ देत," ताई म्हणाली. "छोटी सगळी परत बोलवा. आणि पत्रात हिचं नाही, माझं नाव घाला. तोवर नवा प्रोग्रॅम मिळायचा नाही."

मालक रागाने लाल झाले, पण प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला येत नव्हता. पत्र गेलं, मशीनं आली. परत आलेलं प्रत्येक खोकं मलाच उघडावं लागलं, कंबर मोडली. आणि माझी माफी? छे! त्या बाईच्या तोंडून एक शब्द निघेल तर शपथ.

आता वाडग्याशेजारी मिठाचा डबा कायमचा असतो. प्रत्येक कंट्रोलर मी उणे चारपर्यंत नेते. ताई आपल्या टेबलावरून कान देऊन बसते. शून्याखाली गेल्यावर टक् येत नाही, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणते, "सोल्डर चांगलंय."