पैलकाठ

पहिल्या दिवशी नदीवर जाऊन धुक्याचे जे फोटो काढले, ते पाहून मी स्वतःवरच भलता खूश झालो. काय मऊ उजेड, काय गूढपणा! घरी आलो तेव्हा बायको चहा गाळत होती. तिचाही एक काढला. तो पाहून ती म्हणाली, "आपल्या सैपाकघरातही धुकं पडलं वाटते."

थंडीत मी हातातोंडाला खोबरेल तेल चोपडतो आणि त्याच बोटांनी फोन धरतो. भिंगावर तेलाचा थर बसला होता. नदीवर धुकं होतंच, पण माझ्या फोटोत उतरलं होतं ते तेल.

हे सगळं बाबांसाठी चाललं होतं. तहसिलीतून निवृत्त झाल्यापासून ते दर हिवाळ्यात उजाडताना वैनगंगेच्या घाटावर जाऊन बसायचे. या पावसाळ्यात खुब्याचं हाड मोडलं आणि मागच्या खोलीतली खाट त्यांना चिकटली. साखरेनं एक डोळा आधीच गेला होता. जेवण निम्म्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. एके दिवशी आपणहून म्हणाले, "मले नदीवरचं धुकं आणून दे बाप्पा. पैलकाठ दिसन न दिसन, असं." बऱ्याच दिवसांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट होती. मला वाटलं, एवढं जमलं तर हा माणूस पुन्हा जरा आपल्यात येईल.

भिंग पुसून दुसऱ्या दिवशी गेलो. समोर पांढरंशुभ्र धुकं, फोनमध्ये मात्र राखेसारखं. एवढं पांढरं दिसलं की फोनला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो आपणहून अंधार करतो. बाबांनी फोन डोळ्यांशी नेला. "हे तं संध्याकाळ आहे."

मग फोनमध्ये फोटो आपोआप सुधारायची सोय सापडली. ती चालू केली. फोननं धुक्याला घाण समजून झाडून काढलं आणि झाडं हिरवीगार करून दिली.

"हे तं दुपार आहे," बाबा म्हणाले.

"तुमच्या बाबाले अन् फोनले, दोघायलेही तुमी पटून नाही राह्यले," बायको म्हणाली. पण रोज पहाटे मफलर तीच काढून ठेवायची.

हळूहळू मला कळत गेलं. सुधारणा बंद करायची. पडद्यावर बोट टेकवलं की सूर्याची खूण येते, ती वर सरकवून धुक्याला त्याचा पांढरेपणा परत द्यायचा. बोटांनी चित्र ओढून मोठं करायचं नाही, आपणच चालत पुढे जायचं. भिंगावर दव बसतं, तेव्हा दर वेळी पुसायचं, आणि तेलाच्या बोटांनी नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जवळ काहीतरी काळं हवं, नाहीतर धुक्याला खोलीच येत नाही. नुसती चुना मारलेली भिंत दिसते.

शेवटी एका सकाळी सगळं जुळून आलं. जवळ बांधलेली काळी नाव होती. पडद्यावर तिच्या काळ्या कडेवर बोट टेकवून फोकस पक्का केला. नावेमागे करड्या बाभळी, त्यांच्यामागे आणखी फिक्या, आणि अगदी शेवटी, आहे की नाही असा पैलकाठ. सूर्य एका बाजूनं वर आला आणि प्रत्येक थर दुसऱ्यापासून सुटा झाला. फोटो काढला आणि पोरासारखा सायकल हाणत घरी आलो.

बाबांच्या हातात फोन दिला. त्यांचा अंगठा पडद्यावरून सरकला आणि फोटो बदलला. मिस्त्रीला दाखवायला मी गच्चीच्या ओल आलेल्या भिंतीचा फोटो काढला होता, तो पुढे आला. मी मागे सरकवायला हात पुढे केला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "हौ. हेच. पैलकाठ असाच दिसे."

किती तरी वेळ ते त्या भिंतीकडे पाहत होते. चेहऱ्यावर समाधान होतं. माझा हात तसाच हवेत राहिला. संध्याकाळ आणि दुपार त्यांनी ओळखली होती, म्हणजे तेवढंच त्यांना कळत होतं. अंधार की उजेड.

"जेवता का थोडं?" मी विचारलं.

"नाही. झालं आता," असं म्हणून त्यांनी फोन पोटावर उपडा ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी सैपाकघरात येऊन पाटावर बसलो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

"मले दिवाळीपासूनच ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुमचे बाबा ताटात भात चाचपून राह्यले होते. तुमी नदीवर जायले लागले तवा मलेच म्हणाले, त्याले सांगू नको, तेवढा तरी सकाळी नदीवर जाते."