सहीसाठी अडलेला दुसरा टप्पा

त्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांबद्दल मला कधी आदर वाटला नाही. भीती मात्र खूप वाटली. दोन्ही एकदम वाटू शकतात हे मला त्यांच्याच ओसरीवर बसून कळलं.

मी कोल्हापूरच्या बाजूची. नववीत शाळा सुटली. मावसबहिणीच्या बाळंतपणाला म्हणून भंडाऱ्याला आले ती इथेच राहिले, कारण बसस्टँडजवळच्या एका छोट्या ऑफिसात सरांनी मला काम दिलं. सर लोकांच्या गरजेप्रमाणे संगणकाचे प्रोग्रॅम बनवून देतात. त्यांनी माझी मार्कशीट मागितली नाही. टाइप करायला लावलं, मग म्हणाले, उद्यापासून या. एवढ्याशा गोष्टीसाठी मी त्या माणसाची जन्मभर ऋणी आहे, आणि त्यामुळेच त्यांचं काही बुडालं की मला ते माझंच बुडाल्यासारखं वाटतं.

संस्थेचं काम असं होतं: सानगडीच्या बाजूचे काही तलाव संस्थेकडे, सभासद तिथे मासे धरतात, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, काट्यावर वजन होतं आणि ज्याने टोपली आणली त्याच्या नावावर ते चढतं. पूर्वी हे सगळं अध्यक्षांच्या माणसाच्या तोंडी. आम्ही करून देणार होतो ती सोय अशी की काट्यावरचं वजन सरळ मोबाइलवर नोंदलं जाईल आणि सभासदाला त्याच्या हिश्शाची पावती मेसेजने जाईल. कामाचे चार टप्पे पाडले होते. प्रत्येक टप्पा पुरा झाला की संस्थेने तपासायचा, चूक असेल तर लेखी कळवायची, आम्ही ती दुरुस्त करायची, आणि समितीने मान्य केल्याचं पत्र दिलं की मगच आम्ही त्या टप्प्याचं बिल काढायचं. पत्र नाही तर बिल नाही.

दुसरा टप्पा म्हणजे एका तलावावर प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून दाखवणं. तो दिवाळीपासून चालूच होता. सभासद रोज वापरत होते, पावत्या रोज जात होत्या. एक लेखी तक्रार नव्हती. आणि मान्यतेचं पत्रही नव्हतं.

करारात सुरुवातीला एक ओळ होती, की मुदतीत हरकत आली नाही तर टप्पा मान्य समजला जाईल. ती ओळ अध्यक्षांनी सही करताना पेनाने खोडली होती. सरांना काम हवं होतं, ते गप्प बसले. ती ओळ का खोडली हे मला पुढे समजलं. टप्पा अडकलेला असला की लोक यांच्या दारात येतात. मी यायची, सर फोन करायचे, सचिव फाइल घेऊन उभे राहायचे. एकदा सही केली की कोण विचारणार यांना? तलावात यांनी शेवटचं जाळं कधी टाकलं होतं देव जाणे, पण पांढरा शर्ट आणि खिशात दोन पेनं रोज. त्यातलं एकही पेन चालताना मी पाहिलं नाही.

मी गेले की ते माझ्या शिक्षणाची चौकशी करायचे. दर वेळी, जणू मधल्या काळात मी पदवी घेतली असेल. मग बाजूच्या माणसाला म्हणायचे, "सायबानं इंजिनिअर नाई पाठवला, ताईले पाठवलं." सगळे हसायचे. मीही हसायची. सही हवी असली की माणूस कशालाही हसतो.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा सरांनी मला बसवून सरळ सांगितलं. संक्रांतीपर्यंत दुसऱ्या टप्प्याचं बिल निघालं नाही, तर हे काम इथेच थांबवावं लागेल आणि मला ठेवणं त्यांना परवडणार नाही. ओरडून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. ते खाली बघून सांगत होते.

त्याच आठवड्यात सचिवांनी मला बाजूला घेऊन एक तोड सुचवली. तुम्ही बिल देऊन टाका, सही मागून होऊन जाईल, अध्यक्षसाहेब तसं बोलून राहिले. मला तर हर्षच झाला. सरांना फोन लावला. सर म्हणाले, बिल काढलं की त्यावरचा जीएसटी आपल्याला पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, संस्थेने पैसे दिले असोत की नसोत. आणि उद्या ते म्हणाले आम्ही तर काम मान्यच केलं नव्हतं, तर ते बिल कशावर उभं आहे? नको. मी फोन ठेवला आणि सचिवांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी खांदे उडवले. हा माणूस अध्यक्षांच्या सावलीत इतकी वर्षं उभा होता की त्याचं स्वतःचं मत आता उन्हालाही घाबरायचं.

मग कोणी अधिकारी तलाव बघायला येणार असं ठरलं, आणि अध्यक्षांच्या अंगात संचारलं. मंडप, खुर्च्या, सत्काराचे नारळ, आणि मंडपात मोठा पडदा, त्यावर आमचा प्रोग्रॅम. समितीपुढे मान्यतेला न ठेवलेला प्रोग्रॅम पाहुण्यांपुढे मात्र मानाने मांडला गेला. "आमच्या संस्थेनं बनवला" असं ते माइकवर म्हणाले. हेही मी ऐकून घेतलं.

पण त्या दिवशी जाळी जवळजवळ रिकामी आली. रोहू-कतल्याच्या मोजक्या टोपल्या. एवढ्याने पडदा भरेना. अध्यक्षांनी हुकूम सोडला, त्याच टोपल्या पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवा आणि प्रत्येक सभासदाच्या नावावर चढवा. मी धावत गेले. सांगितलं की दाखवण्यापुरतं करायचं असेल तर सरावाचं बटण आहे, ते दाबलं की नोंद खरी धरली जात नाही, मेसेजही जात नाहीत. त्यांनी बटण दाबून पाहिलं. पडद्यावर आडवं लाल अक्षरात ‘सराव’ उमटलं. ते त्यांच्या शोभेच्या आड आलं.

"काढ ते लाल. पाहुण्याईले काय, खेळ दाखवून राहिलो का आपण?" मग माझ्याकडे बघून, "तुमी चाय घ्या ताई. मले शिकवू नका."

मी चहा घेतला. त्यांच्या माणसाने सराव बंद केला. त्याच दमलेल्या माशांनी दुपारभर काट्यावर ये-जा केली, एकेक नाव पडद्यावर चढत गेलं, टाळ्या झाल्या, पाहुणे नारळ घेऊन गेले. यांच्या एवढंही लक्षात आलं नाही की पडद्यावर नाव चढतं त्याच क्षणी त्या माणसाच्या खिशातला फोन वाजतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या ऑफिसपुढे सगळे सभासद उभे. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मोबाइलवर पावती, पावतीवर आयुष्यात न धरलेले मासे. शनिवारी हिश्शाच्या पैशांचं वाटप असायचं. आमचा हिस्सा काढून ठेवा म्हणायला ते आले होते. हसत आले होते, हे मला आधी दिसलं नाही. एक जण म्हणाला, "मी अड्याळले लगनात होतो जी. तिकडं जेवून राहिलो होतो, अन् इकडं तलावात माशे धरले मी?"

अध्यक्ष बाहेर आले आणि पहिलंच वाक्य बोलले, प्रोग्रॅम खराब आहे. चुकीच्या पावत्या पाठवतो. आजच लेखी देतो, हा टप्पा नामंजूर.

इतके दिवस त्यांनी हरकतही दिली नव्हती. आता ती लेखी आली की टप्पा मागे, बिल मागे, संक्रांत तोंडावर. बोलायला हवं होतं मी. डोळ्यांपुढे सरांचं ते खाली बघणं.

बोलली ती एक म्हातारी सभासद, नवरा गेल्यावर त्याच्या जागी आलेली, बाजारात मासे विकणारी. ती पायरीवर बसूनच बोलली.

"मशीन काहून खराब? टोपली ठेवली थे तिनं लिवलं. टोपली कोणं ठेवली जी?"

काल पाळीवर जे होते त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"आतापावतर तुमी तोंडानं सांगे, आमी मान हालवे. आता मोबाइल सांगते तं खराब झाला का?"

मग बाकीच्यांनी धरलं. पेच साधा होता आणि तो अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने विणला होता. पावत्या खऱ्या म्हणायच्या तर शनिवारी हिस्से द्या. खोट्या म्हणायच्या तर खोटं कोणी चढवलं ते लिहा. आमच्या प्रोग्रॅममध्ये नोंद पुसता येत नाही. रद्द करता येते, पण सचिवांनी कारण घातल्याशिवाय ती रद्द होत नाही. समितीचे लोक तिथेच होते. सभासद म्हणाले, बसा आत्ताच. बसले. सचिवांनी कारण लिहिलं, ‘अध्यक्षांच्या सांगण्यावरून पाहुण्यांना दाखवण्यासाठी केलेल्या नोंदी’. लिहिताना त्यांनी दोनदा अध्यक्षांकडे पाहिलं, पण या वेळी दार सभासदांनी अडवलेलं होतं.

मग म्हातारीने विचारलं, मशीन बरोबर आहे तर तसंही लिहून द्यायला काय जाते? मला कळेना तिला हे कसं सुचलं. नंतर म्हणाली, तू रोज येऊन बसत होतीस, तुझं काहीतरी अडलेलं दिसत होतं.

समितीने दुसरा टप्पा मान्य केल्याची नोंद केली. सचिवांनी पत्र टाइप केलं, शिक्का मारला, सही केली. खाली अध्यक्षांचीही सही लागायची. त्यांनी खिशातलं पेन काढलं. ते उमटलं नाही. दुसरं काढलं; तेही नाही. शेवटी सचिवांचं घेतलं, लांबलचक सही केली आणि सगळ्यांकडे बघत म्हणाले, "मी तं पयल्यापासूनच म्हणून राहिलो होतो, काम चांगलं हाये."

असा माणूस लाजतो तरी कधी, याची मी वाट पाहिली. नाही लाजला. उलट पत्र माझ्या हातात देतानाचा फोटो काढायला लावला. त्या फोटोत मी घाबरलेली दिसते आणि ते दानशूर दिसतात. मला अजून तो फोटो पाहवत नाही.

पत्राचा फोटो पाठवू का विचारलं, तर सर फोनवर म्हणाले, फोटो नको, मूळ कागद आणा. मी ते पत्र वहीत घालून, वही पिशवीत आणि पिशवी पोटाशी धरून बसने भंडाऱ्याला आले. सरांनी पत्र वाचलं, शिक्का पाहिला, मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. बिल मीच टाइप केलं. टप्पा दुसरा, मान्यतेच्या पत्राचा हवाला, तारीख त्याच दिवसाची.

पुढे अध्यक्षांचा फोन आला, की तिसऱ्या टप्प्यात सगळ्या तलावांवर जाताना ते मेसेजचं तेवढं काढून टाका. सर म्हणाले, काढू की; ते ठरलेल्या कामाबाहेरचं आहे, समितीचं पत्र द्या, त्याचा खर्च वेगळा सांगतो. त्यानंतर तो विषय निघाला नाही. सभासदांपुढे तो कागद ठेवण्याची हिंमत त्या पांढऱ्या शर्टात नव्हती.

संक्रांतीला आईचा फोन आला. तिला मी मधल्या काळात सांगून ठेवलं होतं की बहुतेक परत यावं लागेल. तिने विचारलं, मग कधी येतेस?

मी म्हटलं, सुट्टी काढून येईन.