निम्मे आणि निम्म्याहून जास्त

आमच्या गणित विभागात सगळे त्यांना ‘उलटे सर’ म्हणत. बिचाऱ्याला प्रत्येक गोष्टीचा विचार शेवटापासून करायची खोड. आम्हा सरळ माणसांना ती विकृती वाटे. आम्ही विचार सुरुवातीपासूनही करत नसू, तो भाग वेगळा.

नोकरी कंत्राटी, दरवर्षी विभागप्रमुखांच्या सहीवर जगणारी. अशा माणसाने तोंडाला कुलूप घालावं. पण त्या वर्षीच्या परीक्षेत प्रमुखसाहेबांनी स्वतः काढलेला चाच्यांचा प्रश्न आला आणि कुलूप निघालं.

प्रश्न जुनाच. पाच चाचे, शंभर मोहरा. सर्वांत ज्येष्ठ चाचा वाटणी सुचवतो, मग त्याच्यासकट सगळे मत देतात. वाटणी नामंजूर झाली तर त्याला समुद्रात फेकायचं आणि पुढच्याने नवी वाटणी मांडायची. प्रत्येकाला आधी जीव प्यारा, मग सोनं, आणि दोन्हीत फरक पडत नसेल तर दुसऱ्याला फेकण्यातली मजा. म्हणजे साधारण आमच्या विभागासारखंच.

उत्तरपत्रिका तपासायच्या नमुन्यात साहेबांनी लिहिलं होतं: पहिल्याला अठ्ठ्याण्णव. पण ते उत्तर निम्मी मतं पुरतात तेव्हाचं. साहेबांनी प्रश्नात ऐटीत छापलं होतं, ‘निम्म्याहून जास्त’.

एका मुलीने सत्त्याण्णव लिहिलं. दिवसा लॉन्ड्रीत इस्त्री करायची, संध्याकाळी वर्गाला यायची. नियमाप्रमाणे तिची ही शेवटची संधी होती. पाच गुणांच्या प्रश्नाला तिला भोपळा मिळाला आणि ती चार गुणांनी नापास झाली.

उलटे सर तिची उत्तरपत्रिका घेऊन माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, शेवटच्या दोघांपासून बघा. दोघंच उरले तर ज्येष्ठाला दोन्ही मतं हवीत. धाकटा कशाला देईल? ज्येष्ठ पाण्यात, सगळं सोनं धाकट्याचं. म्हणून तिघं असताना हाच ज्येष्ठ जीव वाचवायला फुकट हो म्हणतो, आणि सुचवणारा शंभरच्या शंभर खातो. चौघं असताना सुचवणाऱ्याला तीन मतं लागतात. तो तळाच्या दोघांना एकेक मोहर देतो, कारण पुढे त्यांना काहीच मिळणार नसतं. स्वतःला अठ्ठ्याण्णव. आता पाच जण. तिसऱ्याला पुढे शून्य, तो एका मोहरेत विकत. तळाच्या दोघांपैकी एकाला दोन. उरल्या किती?”

“सत्त्याण्णव,” मी म्हणाले.

“पोरीने अगदी असंच लिहिलंय.”

मला सगळं कळलं होतं, हे इथेच कबूल करते.

परीक्षा समितीची बैठक भरली. आम्ही चौघं: साहेब, उलटे सर, पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे आमचे बुजुर्ग सर आणि मी. उलट्या सरांनी ठराव मांडला की नमुना उत्तर दुरुस्त करावं.

साहेब हसले. “अहो, निम्मी काय आणि निम्म्याहून जास्त काय, एकच की! उगाच शब्दांचा कीस कशाला पाडता? लिहा इतिवृत्तात, समितीच्या मते दोन्हींचा अर्थ एकच.”

इतिवृत्त लिहायचं काम माझं. मी इमानदारीने लिहिलं.

मतदान झालं. उलट्या सरांचा हात वर गेला. बुजुर्ग सरांचाही गेला. त्यांना आता कुणाच्या बापाची भीती नव्हती. साहेबांचा हात विरोधात. आणि मग माझा. घराचे हप्ते, बढती, सगळं मी मनात मोजलं आणि विरोधात हात वर केला.

“दोन विरुद्ध दोन,” साहेब म्हणाले. “ठराव पडला. मंजुरीला निम्म्याहून जास्त मतं लागतात.”

उलटे सर अतिशय नम्रपणे म्हणाले, “सर, निम्मी आणि निम्म्याहून जास्त एकच ना? मॅडमनी आत्ताच लिहून घेतलंय. एकच असेल तर ठराव मंजूर. वेगळं असेल तर प्रश्नाचं उत्तर सत्त्याण्णव.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, रिकामा होता, तरी प्यायले. बुजुर्ग सर इतके खोकले की ते हसत होते हे कुणाच्या लक्षात येऊ नये.

पोरीला पाच गुण मिळाले. साहेबांच्या ‘विद्यार्थिनीविषयीच्या कळवळ्या’चं फलकावर कौतुक झालं, मजकूर साहेबांचाच. उलट्या सरांचं कंत्राट मात्र त्या वर्षी वाढलं नाही. तेही त्यांनी आधीच धरलं असणार.

ते कपाट रिकामं करत होते तेव्हा मी गेले. अपराधी वाटत होतं, शिवाय थोडा रागही होता. म्हटलं, “सर, बैठकीआधी मला एका शब्दाने सांगितलं असतंत तर कदाचित मी तुमच्या बाजूने हात वर केला असता.”

“नाही हो, मॅडम,” ते पुस्तकं बांधत समजुतीने म्हणाले. “तुम्ही साहेबांच्याच बाजूने जाणार, हे धरूनच तर मी मागे मागे येत गेलो. त्या सगळ्यात खात्रीची गोष्ट तेवढी एकच होती.”