टाचणीने वाढवलेली कंबर

माझ्या धाकट्या भावाला सगळे टाचणी म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. लहानपणापासून हा शिंप्याच्या दुकानात बसायचा आणि तोंडात टाचण्या धरायचा. आता स्वतःचं दुकान आहे, केस पिकलेत, तरी ओठांत चारदोन टाचण्या असतातच. त्याला काही अवघड विचारलं की तो ओठांकडे बोट दाखवतो, म्हणजे आत्ता बोलता येत नाही. मोठी सोय आहे ती.

माझं शिक्षण बेताचं, पण माणसं ओळखण्यात मी कुणाला हार जायचो नाही. आणि मी सांगतो, टाचणीसारखी पँट या गावात कुणी शिवत नाही. त्याने कापलेली पँट घालून माणूस उभा राहिला की बँकेचा साहेब वाटतो. मला विचारा, मी आयुष्यभर त्याच्याच हातची पँट घातली आहे. सगळा घोळ तिथेच झाला.

मी ट्रकच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेला ट्रक फलाटावर चढतो, मी केबिनमध्ये आकडा बघतो, पावती देतो. माझ्या काट्याशी कुणी वाद घालत नाही. तेच काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाने मला माणसांचं वजन करायचा एक जुना काटा दिला होता, तो केबिनच्या दाराशी ठेवलेला. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरसमोर मी त्याच्यावर चढायचो. सदुसष्ट किलो. लग्नात सदुसष्ट, आजही सदुसष्ट. पँटची कंबर चौतीस, लग्नातही चौतीस. पोट थोडं पुढे होतं, ते मी नाकारत नाही, पण दगडासारखं कडक. मी ड्रायव्हरांना बुक्की मारून बघायला लावायचो. बायको म्हणायची, जिन्यावर धापा कसल्या टाकता मग? मी म्हणायचो, जिना उंच आहे.

यंदा यार्डात ड्रायव्हरांची तपासणी ठेवली. केबिनच्या शेजारच्या खोलीत टेबल, पडदा आणि एक सिस्टर. ड्रायव्हर लाजत होते म्हणून त्यांना धीर द्यायला पहिला मी गेलो. काट्यावर उभा राहिलो आणि सिस्टर काही म्हणायच्या आत आकडा मीच सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि टेप काढला. मी म्हटलं, कंबर चौतीस, लिहून टाका, माझा भाऊ शिंपी आहे. त्या म्हणाल्या, शर्ट वर करा.

त्यांची मोजायची पद्धत वेगळीच. एक बोट शेवटच्या बरगडीखाली, दुसरं कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर, आणि टेप बरोबर दोन्हींच्या मध्ये, चारी बाजूंनी जमिनीला समांतर. माझी पँट तर त्याच्या बरीच खाली, पोटाच्या पायथ्याशी बसलेली. मी हळूच पोट आत घेतलं. सिस्टर तशाच थांबल्या. मग म्हणाल्या, "काट्याचं काम कसं चालतं हो तुमचं?"

आता मला कामाबद्दल कुणी विचारलं की मी थांबत नाही. बोलता बोलता श्वास सुटला, पोट आपल्या जागी आलं आणि त्यांनी आकडा लिहिला. सत्त्याण्णव सेंटिमीटर. मग ढुंगणाच्या सगळ्यात रुंद भागावरून टेप फिरवला. त्र्याण्णव. म्हणाल्या, कंबरेला सीटने भागायचं. पुरुषांचा भागाकार शून्य पूर्णांक नव्वदच्या आत हवा, तुमचा एकच्या वर जातोय. आणि नुसती कंबरही आपल्या लोकांत नव्वदच्या आत असलेली बरी.

मी पोटावर बुक्की मारून दाखवली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जी चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. तुमच्या चिमटीत फार काही येत नाही, कारण तुमची आत आहे, यकृत आणि आतड्यांच्या आजूबाजूला. ती आतून रेटते म्हणून पोट कडक लागतं. साखर, रक्तदाब, हृदय, सगळ्याला तीच जास्त नडते. वजन तेवढंच राहिलं कारण हातापायांचं मांस गेलं आणि पोटात चरबी आली. काट्याला दोन्ही सारखंच. टेपने आतली चरबी दिसत नाही, अंदाज येतो. म्हणून रक्त तपासून घ्या.

रक्त नंतर देतो म्हणून मी तिथून निघालो तो थेट टाचणीच्या दुकानात. टेप खोटा पाडायचा होता.

दुकान छोटंसं. दोन मशिनं, कापायचा फळा, इस्त्री, कोपऱ्यात आरसा. कारागीर जेवायला गेला होता. मी टाचणीला सगळं सांगितलं आणि म्हटलं, माझी कंबर मोज आणि कागदावर लिहून दे, त्या बाईंना दाखवतो. टाचणीने ओठांकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, काढ त्या टाचण्या. त्याने काढल्या नाहीत. टेप गळ्यातून काढला, गुंडाळला, परत गळ्यात घातला.

मला राग आला. मी पट्टा सोडला आणि म्हटलं, पँटच मोज मग. पँट फळ्यावर पडली आणि मी दुकानात टांगलेली त्याची लुंगी गुंडाळून स्टुलावर बसलो. त्याने पँट उलटी केली. मागची मधली शिलाई माझ्यासमोर धरली आणि बोटाने दाखवली.

मी शिंपी नाही, पण आंधळाही नाही. शिलाईच्या दोन्ही बाजूंना कापडाचे गडद पट्टे होते. जे कापड आधी आत दाबलेलं असतं, त्याला ऊन लागत नाही, ते विटत नाही. पट्ट्यांमध्ये जुन्या सुईच्या भोकांच्या रांगा. एक रांग नाही, बऱ्याच. दरवेळी इस्त्रीला म्हणून पँट न्यायची आणि शिलाई थोडी बाहेर सोडायची, असं चाललं होतं. आणि नवी पँट शिवताना तो पुढची कंबर खाली उतरवायचा, म्हणजे पट्टा पोटाखाली बसेल. पोट वरून मोकळं, आणि आतल्या चिठ्ठीवर आपलं चौतीस. सीट मात्र तो आत घेत होता, कारण मागून पँट लोंबायला लागली होती. कंबर सोडायची, सीट आवळायची. सिस्टरांचा भागाकार माझ्या धाकट्या भावाने कात्रीने करून ठेवला होता, फक्त मला कळू दिला नव्हता.

मी विचारलं, का? तेव्हा त्याने टाचण्या काढल्या. एकेक करून त्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. म्हणाला, "दादा, एकदा सांगितलं होतं तुला. आठवतं?"

आठवत होतं. दुकानात गिऱ्हाइकं असताना तो म्हणाला होता की कंबर वाढली आहे. मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुझा टेप ताणलाय, माझा काटा बघ, आणि नवी पँट खपवायला माझ्या पोटावर धंदा करू नकोस. लोक हसले. मीही हसलो. टाचणी हसला नव्हता, पण तिकडे मी लक्ष दिलं नव्हतं.

तो पुढे म्हणाला की तेवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण शाळेतले ड्रॉइंग मास्तर माझ्याच बांध्याचे होते. हातपाय काड्या, पोट पुढे, वजनाचा अभिमान. त्यांच्याही पँटी तो असाच सोडत राहिला होता. एके दिवशी वर्गात फळ्यासमोरच ते कोसळले आणि गेले. त्यांची बायको पँटी घेऊन आली, मुलाच्या मापाच्या करून द्या म्हणाली. टाचणीने शिलाया उसवल्या आणि त्याला स्वतःच्याच भोकांच्या रांगा दिसल्या.

"पोटामुळेच गेले असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "मी डॉक्टर नाही. पण मला दिसत होतं ना. मी माप घेतो तेव्हा माणूस माझ्यावर विश्वास टाकून हात वर करतो. त्यांना सांगितलं नाही. मग वाटलं, निदान तुला तरी सांगू. पण तू आलास, काट्यावरचा आकडा सांगितलास, आणि मी परत टाचण्या तोंडात धरल्या."

मी पँट ओढून घेतली आणि भोकांच्या रांगा मोजायला लागलो. त्याला वाटलं मी रागावलोय. तो मान खाली घालून म्हणाला, माझी चूक झाली. आणि मला माझीच शरम वाटली. त्याला खोटं बोलायला मीच शिकवलं होतं, आणि माफी तो मागत होता.

तरी माझं घोडं अडलं. मी म्हटलं, वजन तर तेच आहे ना. सदुसष्ट.

तेव्हा तो मान वर करून म्हणाला, "दादा, तूच तर ड्रायव्हरला अडवतोस. एकूण टन बरोबर असले तरी सगळा माल मागच्या एक्सलवर असेल तर ट्रक सोडत नाहीस. मग स्वतःला का सोडतोस?"

मी पँट चढवली आणि म्हटलं, उद्या रक्त द्यायला जायचंय, येशील?

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायला तो माझ्याबरोबर आला, दुकानाला कुलूप लावून. सुई त्याला बघवत नाही, दिवसभर सुईशी खेळणारा माणूस. माझ्या रक्ताच्या वेळी तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. रिपोर्टात साखर हद्दीच्या अगदी कडेला, रक्तदाब वर, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. डॉक्टर म्हणाले, उशीर झालेला नाही. रोज भरभर चाला, हातापायांचा व्यायाम करा, गोड आणि दारू सोडा, झोप नीट घ्या, आणि काट्यावरून उतरून टेप वापरा. टाचणी बाहेर बाकावर बसून होता. मी बाहेर येताच त्याने माझ्या तोंडाकडे नाही, पोटाकडे बघितलं.

आता आम्ही दोघं पहाटे चालतो. मी पुढे, तो मागे. गप्पा मीच मारतो, कारण सिस्टरांनी सांगितलंय, चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग ठेवा. वजन एकच किलो उतरलं. ड्रायव्हर चिडवतात, साहेब काटा बिघडला का? मी त्यांना शर्ट वर करून कंबर कुठे मोजायची ते दाखवतो, आणि किती कमी झाली तेही सांगतो. ते सांगायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

पण त्या पँटीवरून मन खातं. टाचणी म्हणाला, दे, शिलाई आत घेऊन देतो, नाहीतर टाकून दे. मी टाकली नाही. शिलाई थोडी आत घेऊन घेतली, तरी भोकं दिसतात. धुऊन मिटली नाहीत, इस्त्रीने मिटली नाहीत. कुणाला दिसत नसतील, मला दिसतात. त्यालाही दिसतात, कारण मी ती घालून गेलो की तो दुसरीकडे बघतो.

परवा मी दुकानात बसलो असताना एक माणूस आला. पाय बारीक, पोट पुढे, आवाज माझ्यासारखा. म्हणाला, पट्टा जरा खाली बसव, कंबर तीच ठेव. टाचणीच्या ओठांत टाचण्या होत्या. त्याने माझ्याकडे बघितलं. मी स्टूल सरकवून गिऱ्हाइकाला जागा करून दिली.

टाचणीने टाचण्या काढल्या, गादीत खोचल्या आणि मग टेप हातात घेतला.