जानेवारी : चोवीस आणि नऊ

लेकीचं अमेरिकेला जायचं पक्कं झालं तेव्हा पहिला फोन माझ्या नणंदेचा आला, आणि तिचं पहिलंच वाक्य होतं की कोट मी घेणार. अभिनंदन नंतर, कोट आधी. नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. आमच्या घरातून शिकायला परदेशी गेलेली पहिली मुलगी, आणि गेली वीसेक वर्षं तिकडचीच झालेली. भाचीवर तिचा भारी जीव. त्याचं मला कौतुक आहे असं मी विहारातल्या बायकांना सांगते. खरं म्हणजे माझ्या पोटात दुखतं.

मी कपडे शिवते. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे आणि निम्म्या गल्लीची मापं मला तोंडपाठ आहेत. लेकीच्या पहिल्या झबल्यापासून कॉलेजच्या निरोपाच्या ब्लाऊजपर्यंत तिच्या अंगाला लागलेला एकूण एक कपडा या मशीनखालून गेलेला. तयार आणला तो फक्त रेनकोट, आणि तोही मला आवडला नव्हता. आता तिच्या जन्मातली पहिली खरी थंडी येणार, आणि त्या थंडीचा कोट आत्या घेणार. मग मी काय नुसत्या शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या बांधायच्या?

चार दिवसांनी नणंदेनं लेकीच्या मोबाईलवर एक तक्ता पाठवला. लेकीच्या विद्यापीठाच्या गावात कुठल्या महिन्यात किती थंडी असते त्याचा. बारा महिन्यांच्या बारा ओळी आणि प्रत्येक ओळीत दोन आकडे, सरासरी कमाल आणि सरासरी किमान. बाकीचे कपडे यावरून ठरवा, उगाच ओझं करू नका, असा वर निरोप. मी लेकीला म्हटलं, मला छापून आण. आणि तो कागद मशीनसमोरच्या भिंतीवर, ब्लाऊजच्या मापांच्या चिठ्ठ्यांशेजारी चिकटवला.

जुलैपुढे त्र्याऐंशी लिहिलं होतं. माणसं उकडून मरत असतील, मी म्हटलं. जानेवारीपुढे चोवीस आणि नऊ. चोवीस म्हणजे आमच्याकडे पंखा लावायचा की नाही असा प्रश्न पडणारी हवा. एवढ्यासाठी कोटाचा गाजावाजा? मला मनातून बरंच वाटलं. नणंदेला मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काय.

लेक हसली. म्हणाली, आई, हे तापाचं माप आहे.

फॅरनहाइट मला तेवढंच माहीत. लेकरू फणफणलं की काखेत थर्मामीटर घालायचा, शंभराच्या वर गेलं की डॉक्टर. साधं अंग अठ्ठ्याण्णव. म्हणजे अंग अठ्ठ्याण्णव आणि बाहेरची हवा नऊ. त्या क्षणी मला ती थंडी पहिल्यांदा कळली, आणि मी बराच वेळ मशीनचा पायटा मारलाच नाही.

लेकीनं रीत शिकवली. आकड्यातून बत्तीस वजा करायचे, उरेल त्याला पाचानं गुणायचं, नवानं भागायचं. बत्तीस म्हणजे आपलं शून्य, पाण्याचं बर्फ होतं ते. मग काय, मी एकेक ओळ धरली आणि दुपारची झोप सोडून सगळ्या तक्त्याशेजारी आपले आकडे पेन्सिलीनं लिहून काढले. नऊचे निघाले उणे तेरा. चोवीसचे उणे चार, म्हणजे जानेवारीत भर दुपारीसुद्धा डबक्यातलं बर्फ वितळायचं नाही. ऑक्टोबरची कमाल अठ्ठावन्न, म्हणजे चौदा. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे आम्ही कानाला मफलर बांधतो ती चौदा-पंधरा. आमची कडाक्याची पहाट ही त्यांची ऑक्टोबरमधली दुपार होती. आणि बत्तीसच्या खाली गेलेले किमान आकडे मोजत गेले तर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एकही महिना सुटेना. आमच्यासारखं दिवाळी झाली, स्वेटर काढला, संक्रांत झाली, ठेवला, असलं काम नव्हतं.

मग मी माझ्या डोक्यानं हिशेब मांडला. कमाल म्हणजे दुपार, किमान म्हणजे रात्र. रात्री शहाणं माणूस बाहेर पडत नाही, घरात हीटर असतो म्हणतात. तेव्हा कपडे कमाल आकड्यावर बेतायचे. शिवाय मला अनुभव होताच की. नणंद पहिल्यांदा गेली तेव्हा मी या घरात नवी सून होते, आणि तिला कापूस भरून, चौकटी शिवणीची जाड बंडी मीच शिवून दिली होती. तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. म्हणजे पुरली असणार. आता तिच्यापेक्षा सरस करायचं, एवढंच.

भर पावसाळ्यात कोल्हापुरात गरम कापड मिळणं म्हणजे दिव्यच. दुकानांत सगळीकडे छत्र्या आणि ताडपत्र्या. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदारानं माळ्यावरनं फ्लॅनेलचा तागा काढून दिला आणि विचारलं, "कुठं हिमालयात निघालाय काय, पावणं?" मी म्हटलं, त्याच्याही पलीकडं. गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणला. आणि मी कोट शिवला. गुडघ्यापर्यंत लांब, आत फ्लॅनेल, मध्ये कापूस, बाहेर गडद निळं सुती कापड, उभी कॉलर. चार ठिकाणी तरी सुई मोडली. लेकीनं घातला, आरशात पाहिलं, छान आहे म्हणाली आणि एवढंच म्हणाली. घाम फुटला होता तिला. मला वाटलं, फुटणारच, कोट कामाचा आहे.

रविवारी नणंदेचा व्हिडिओ फोन आला. मी तयारीत होते. लेकीकडून नणंदेच्या गावाचाही तक्ता काढून घेतला होता. ती राहते अमेरिकेच्या पार दक्षिणेला, आणि तिच्या जानेवारीची कमाल होती त्रेसष्ट. म्हणजे सतरा. मी मुद्दाम लेकीदेखत, नवऱ्यादेखत तिला म्हटलं, की वन्सं, तुमच्या गावात जानेवारीत सतरा असतंय, आमच्या पहाटेपेक्षा ऊब. तुम्हाला थंडीतलं काय कळणार? कोट मी शिवलाय. आणि कोट कॅमेऱ्यापुढे धरला.

माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसत नव्हतं, पण नवऱ्यानं मान खाली घातली. नणंद कोटाकडे बघत राहिली. एवढी वर्षं तिकडे राहून घरच्यांशी ती अजून बावड्याचंच बोलते, बाई असून 'हुतो', 'बसलो' म्हणते, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचाही राग येतो.

"वैनी," ती म्हणाली, "पैली दोन वर्सं मी वर उत्तरंलाच हुतो की. पोरगी चाललीया त्याच अंगाला. तुमची बंडी घालून सकाळी बसला उभी ऱ्हायचो."

मी म्हटलं, मग?

मग तिनं सांगितलं. तक्ता तिनंही वाचला होता, आणि माझ्यासारखाच वाचला होता, वरच्या आकड्यावरून. किमान आकडा रात्रीचा म्हणून सोडून दिलेला. पण सगळ्यात गार वेळ मध्यरात्र नसते, सूर्य उगवायच्या आगेमागे असते, आणि तिकडे थंडीत सूर्यच उशिरा उगवतो. आठच्या तासाला जाणारं माणूस त्या किमान आकड्यातच बसची वाट बघत उभं असतं. शिवाय ती सरासरी. महिन्यात कितीतरी पहाटा त्याच्याही खाली जातात, नवाच्या जागी तिकडचं शून्य, शून्याच्या खाली. आणि वारा त्या तक्त्यात नसतोच. सुती कापडातून तो आरपार जातो. कापूस बर्फानं, घामानं एकदा ओला झाला की वाळत नाही, ओल्या पोत्यासारखा अंगावर बसतो. आतलं अंग कोरडं ठेवणारं, मधलं लोकरीचं आणि वर वारा अडवणारं, असे थर लागतात, आणि वरचा थर घरच्या मशीनवर होत नाही.

"एक दिस बसथांब्यावरच रडत बसलो," ती म्हणाली. "डोळ्याचं पाणी पापणीवर गोठलं. पर बंडी टाकली न्हाय. तुमी नव्या नवरी, राती जागून शिवलेली. तुमास्नी कसं सांगू?"

वीस वर्षं तिनं मला सांगितलं नव्हतं. आता एखाद्या शहाण्या बाईला इथं रडू आलं असतं. मला आणखी राग आला. थंडीतलं तिला कळत होतं, ते ठीक. पण ती माझ्यापेक्षा मायेनंही मोठी निघावी? माझ्यासाठी काहीतरी एक ठेवायचं होतं. मी दूध उतू जातंय म्हणून सांगून आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं.

पुढे मी त्या विषयावर तोंड उघडलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरून झाली आणि नवऱ्यानं काटा लावला, तर वजन मर्यादेच्या वर. मी बॅग उघडली. वरच माझा कोट, नीट घडी करून ठेवलेला. तो मावावा म्हणून लेकीनं स्वतःची पुस्तकं काढून पलंगाखाली सारली होती. फोनवरचं सगळं तिनं ऐकलं होतं, कोटाचा उपयोग नाही हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी नेणार होती. मला एकदम दिसलं, ही पण बसथांब्यावर माझं शिवण अंगात घालून उभी राहील आणि वीस वर्षं मला सांगणार नाही.

कोट मी बाहेर काढला. ती म्हणाली, असू दे की गं. मी म्हटलं, पुस्तकं भर, आणि पोचल्यावर आत्या घेईल तो कोट मुकाट्यानं घाल. हे वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

नोव्हेंबर लागला. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरला. भिंतीवरचा तक्ता मी काढला नव्हता. रोज संध्याकाळी नोव्हेंबरच्या ओळीकडे नजर जायचीच. बेचाळीस आणि अठ्ठावीस. नणंद विमानानं तिच्याकडे जाऊन, दोघी मिळून कोट घेऊन आल्याचं लेकीनं कळवलं होतं. एका संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ फोन आला. तिकडे सकाळ होती, तासाला निघाली होती. रस्त्याच्या कडेला पांढरं पडलेलं, तोंडातून वाफ. काळा कोट, हनुवटीपर्यंत चेन, टोपीला लोकर. आत काय घातलंय ते काही दिसत नव्हतं.

मी आधी खांदे बघितले. बरोबर बसले होते. मग बाह्या बघितल्या आणि मला जरा बरं वाटलं. म्हटलं, बाही बोटभर लांब आहे, कुणी माप घेतलं?

"मुद्दाम गं," लेक म्हणाली. "हात आत ओढून घेता येतो. आत्यानं सांगितलं."

मग मी विचारलं, थंडी वाजत नाही ना?

"अजिबात नाही," ती हसून म्हणाली आणि बस आली म्हणून फोन ठेवला.

माझी लेक उबेत होती. मला हायसं वाटलंच, आई आहे मी. पण नुसतं 'थोडी वाजते गं' एवढं म्हणाली असती, तर त्या रात्री मला झोप लागली असती.