न हलणारी फाइल

माझे वडील एकाच ड्राइव्हवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. लॅपटॉप उघडला की सी, आणि सीशिवाय दुसरं काहीच नाही, हे त्यांना घराला एकच दार असल्यासारखं वाटायचं. "विंडोज बसली की सगळं बसते बापा," ते म्हणायचे, "आपलं सामान डीमध्ये पाहिजे." जुन्या कॉम्प्युटरला सी, डी, ई असे तीन कप्पे असायचे. सीमध्ये विंडोज, डीमध्ये घरचं, ईमध्ये फोटो. सगळ्या हिंदुस्थानने हाच धर्म पाळला. नव्या लॅपटॉपवर नुसता सी येतो, हे त्यांना दुकानदाराने केलेली फसवणूकच वाटत होती.

ते मूळचे वर्ध्याचे. नोकरी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात, आणि शेवटची बदली चंदीगढला. निवृत्तीनंतर परत जायचं ठरत होतं, तेवढ्यात आई आजारी पडली, आणि मग जाण्यात काही अर्थ उरला नाही. मी इथल्या विद्यापीठात शिकवते. आई गेल्यावर मी त्यांना चंदीगढलगतच्या पंचकुल्याच्या भाड्याच्या घरातून आमच्या झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये आणलं. बरोबर दोन बॅगा, आईची शिलाई मशीन आणि तो लॅपटॉप होता. मशीन कुणी वापरत नाही. मी ती कुणाला देऊनही टाकत नाही.

लॅपटॉपमध्ये आईचा आवाज होता. आजारपणात तिने माझ्या मुलीसाठी फोनवर गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. माझी मुलगी मराठी समजते पण बोलत नाही. आजीने मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असा दोघींचा व्यवहार होता. आई म्हणायची, मी नसताना पोरीच्या कानावर काहीतरी पडत राहू दे. पुढे तो फोन बंदच पडला, पण त्याआधी बाबांनी गोष्टी लॅपटॉपवर घेतल्या होत्या. घेतल्या म्हणजे फोनमधून कापून इकडे चिकटवल्या, कारण फोन भरला होता. त्यामुळे त्या गोष्टींची जगात एकच प्रत होती.

आई गेली त्या महिन्यात बाबांनी ती प्रत साफ केली. माणूस आयुष्यभर इतरांच्या हिशेबातल्या चुका दुरुस्त करत आला की त्याला दुःखातही तेच सुचतं. सगळ्या गोष्टी मिळून ती तासाभराची एकच फाइल होती. तीत आईचा खोकला होता, कुकरच्या शिट्ट्या होत्या, आणि मध्येच आई त्यांच्यावर ओरडत होती. त्यांनी सॉफ्टवेअर शिकून घेतलं, एकेक खोकला काढला, शिट्ट्या काढल्या, स्वतःवरचं ओरडणं काढलं. मग त्याच नावाने, त्याच जागी, म्हणजे मूळ फाइलवरच, सेव्ह केलं. नातीला गोष्ट स्वच्छ ऐकू यावी, एवढाच हेतू होता. नातीला खरंच स्वच्छ ऐकू येऊ लागलं. ती रोज झोपताना म्हणायची, "आजोबा, आजी की स्टोरी लगाओ न."

त्यांना आपण काय करून बसलो ते किती दिवसांनी कळलं, मला माहीत नाही. ते सांगणाऱ्यांतले नव्हते. मी एवढंच बघत होते, की रविवारी सकाळी सगळे झोपलेले असताना ते कानाला हेडफोन लावून बाल्कनीत बसतात, आणि मी चहा घेऊन गेले की लॅपटॉप अर्धा मिटतात. मला वाटायचं, भजनं ऐकतात.

त्या हिवाळ्यात त्यांनी आईच्या आवाजासाठी डी करायचं मनावर घेतलं. बाहेर धुकं होतं, समोरच्या इमारती दिसत नव्हत्या, आणि मी हीटरपाशी पेपर तपासत होते. त्यांनी मला हाक मारली. डिस्क मॅनेजमेंटची खिडकी उघडी होती. सीवर उजवी क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, म्हणजे सीला आक्रसवून मागे जागा मोकळी करायची. डिस्क पाचशे जीबीची, भरलेली जेमतेम शंभर. बाबांनी अडीचशेचा हिशेब धरला होता. खिडकीने आक्रसायला दिली फक्त अकरा.

"काहून एवढीच दाखवते हे?" ते म्हणाले. "चारशे रिकामी आहे न?"

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की न हलवता येणाऱ्या फाइली जिथे असतील, त्याच्या पलीकडे आक्रसता येत नाही. मी त्यांना समजावलं, जसं वर्गात समजावते तसं. घरात सामान कितीही कमी असो, गोदरेजचं कपाट अगदी मागच्या भिंतीला ठेवलं असेल आणि ते हलवायची परवानगी नसेल, तर मधे भिंत घालता येत नाही. खोली रिकामी आहे, याचा उपयोग नाही. कपाट कुठे आहे, त्यावर सगळं आहे.

"मग कपाट कोणतं, ते पाहा न," ते म्हणाले.

संशय असलेली दोन कपाटं मी काढली, हायबरनेशन आणि पेजिंग फाइल, आणि लॅपटॉप परत चालू केला. आकडा थोडा हलला आणि तिथेच थांबला. मला वर्ग होता, बसचे हाल होते, झिरकपूरच्या फाटकावर तासभर अडकायचं होतं. मी चिडून म्हटलं, "बाबा, अकरावर समाधान माना. आईच्या त्या आवाजाला एक जीबीसुद्धा लागत नाही."

ते म्हणाले, "एवढ्याशा जागेत नाही ठेवायचं तिला."

मी बूट घालत होते. ते वाक्य तेव्हा माझ्या कानावर पडलं, एवढंच.

पुढचं त्यांनी एकट्याने केलं. विंडोज आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते की आक्रसणं कुठे अडलं आणि शेवटची न हलणारी फाइल कोणती. बाबांनी ती नोंद शोधून काढली. नावात लिहिलं होतं, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन. इंटरनेटवर विचारलं, तर दहा ठिकाणी एकच उत्तर: हे रिस्टोअर पॉइंट आहेत, विंडोज बिघडली तर मागे जायला. सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा, सगळे पॉइंट पुसा, जागा करून घ्या, मग प्रोटेक्शन परत चालू करा. बाबांनी पुसायचं बटण दाबलं. विंडोजने विचारलं, सिस्टिममधले नको असलेले बदल मग मागे घेता येणार नाहीत, चालेल? बाबांना सिस्टिममधले कुठलेच बदल मागे घ्यायचे नव्हते. त्यांनी हो म्हटलं.

मी संध्याकाळी आले तेव्हा डी तयार होता. अडीचशे जीबी, वर आईचं माहेरचं नाव. बाबांनी त्या दिवशी स्वतःहून दाढी केली होती. म्हणाले, "आता उद्या सामान हलवतो. रविवार आहे."

रविवारी सकाळी मला हाक आली नाही. मी चहा घेऊन बाल्कनीत गेले. हेडफोन मांडीवर होते, लॅपटॉप पूर्ण उघडा होता आणि त्यांनी तो मिटला नाही. गोष्टीच्या फाइलचे गुणधर्म उघडले होते, त्यातला मागच्या आवृत्त्यांचा कप्पा, आणि त्या कप्प्यात लिहिलं होतं की मागची आवृत्ती उपलब्ध नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं. साफ केल्यावर त्यांना चुटपुट लागली होती. शोधता शोधता हा कप्पा सापडला. साफ करण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना प्रिंटर बसवून दिला होता, आणि विंडोजने तेव्हा आपली आठवण म्हणून सगळ्याचं एक चित्र, म्हणजे एक रिस्टोअर पॉइंट, काढून ठेवलं होतं. त्या चित्रात आईची पूर्ण गोष्ट होती. खोकल्यासकट, शिट्ट्यांसकट. दर रविवारी ते इथून ती उघडून ऐकायचे आणि होती तिथेच राहू द्यायचे.

"बाहेर का नाही काढली?" मी ओरडलेच. "एक कॉपी! एक बटण होतं बाबा!"

"जागा झाल्याशिवाय मूळ कागद उचलायचा नाही," ते म्हणाले. "आमच्या रेकॉर्ड रूमचा नियम होता. आधी नवं रॅक मोकळं करायचं, मग गठ्ठा काढायचा. मधल्या मधेच गठ्ठे हरवतात. मी रॅकच करून राहिलो होतो न."

म्हणजे हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. न हलणारं कपाट आई होती, आणि तिच्यासाठी जागा करायला आम्ही तेच फोडलं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की मी चहाचा कप कठड्यावर आपटला. मग स्क्रीनवर लक्ष गेलं. त्या कप्प्याच्या माथ्यावर एक ओळ कायम लिहिलेली असते: मागच्या आवृत्त्या फाइल हिस्टरीमधून किंवा रिस्टोअर पॉइंटमधून येतात. बाबा कागदाची पाठसुद्धा वाचणारे. ही ओळ त्यांनी दर रविवारी वाचली असणार. पण तिथे आई होती. ओळीकडे कोण बघतं?

सोमवारी मी विभागातल्या कॉम्प्युटर लॅबच्या प्रमुखांना विचारलं. ते भले सरदारजी, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एसएसडी आहे का विचारलं, म्हणजे पुसलेली जागा स्वतःच धुऊन टाकणारी नवी डिस्क. आहे म्हटल्यावर म्हणाले, "मॅडमजी, झूठ नहीं बोलूंगा. वो जगह अब साफ है." मी तरी दोन सॉफ्टवेअर चालवून पाहिली. कचरापेटीत पडून होते ते फोटो निघाले, जुनी बिलं निघाली. आई निघाली नाही.

डी आजही आहे. त्यात एकच फाइल आहे, ती साफ केलेली. उरलेला ड्राइव्ह रिकामा, आणि बाबा त्यात दुसरं काही ठेवू देत नाहीत.

परवा मुलीने पुन्हा गोष्ट मागितली. आता रविवारचा हेडफोन नाही, बाबाही सगळ्यांबरोबर हीच ऐकतात. आई सांगत होती, म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत तिला वाघ भेटला. तिथे आवाजात एक हलकी उडी आहे, श्वास मधेच तुटल्यासारखी. आधी ती माझ्या लक्षातही येत नसे. बाबांनी बरोबर तिथे गोष्ट थांबवली आणि समोर भिंतीकडे बघत म्हणाले, "अहो, कुकर उतरवा न, किती वेळ शिट्ट्या मोजत बसता."

आवाज त्यांचाच होता, पण ठसका तिचा. मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"आजोबा, ये किसने बोला?"

"तुझ्या आजीने," बाबा म्हणाले, "मला," आणि त्यांनी गोष्ट पुढे लावली.